नानासोंच्या मांडवात लाईट आली

माझे मोठे दीर नानासो साऱ्या भावकीत एका शब्दासाठी ओळखले जातात. तो शब्द म्हणजे ‘सोय’. बारसं असो, साखरपुडा असो, कुणाच्या घराची वास्तुशांत असो, नानासो पुढं होतात आणि पुरुषांच्या कानात सांगत फिरतात, “सोय हाय बरं का.” म्हणजे मांडवाच्या मागं, बायकांच्या नजरेआड, बाटल्या आलेल्या आहेत. एका लग्नात वरण पंगतीच्या मध्येच संपलं, एका बारशात पाळणाच आणायचा राहिला. पण नानासोंची सोय कधी कमी पडल्याचं कुणाला आठवत नाही.

अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काडीचा चष्मा आणि खिशाला दोन पेनं. त्यातल्या एकानंही त्यांना कधी काही लिहिताना मी पाहिलेलं नाही. फार वर्षांपूर्वी ते गावच्या दूध संस्थेत व्हाइस चेअरमन होते. पद गेलं, आवाज राहिला. घरात माझ्या थोरल्या जाऊबाईंनी, मंगल वहिनींनी, चहाचा ट्रे आणला तरी ते, “सर्वांनी चहाचा लाभ घ्यावा,” असं म्हणतात, आणि माझे मिस्टर, त्यांचे धाकटे भाऊ, लाभ घेतात. मोठ्या भावापुढं आमच्या यांची मान हलते ती फक्त वरून खाली.

नानासो स्वतः व्यसनी नाहीत. हे ते इतक्या वेळा सांगतात की ऐकणाऱ्याला शंका यावी. “मी घेतो, पन कवा घेतो? घरात कार्य असलं तरच.” आमच्या भावकीत कार्य नाही असा आठवडा जात नाही, हा तपशील ते सोडून देतात.

माझा यशराज बारावी पास झाला त्या वर्षी गावच्या जत्रेत याच माणसानं त्याच्या हातात पहिला ग्लास दिला. “पुरुष झाला रं गड्या!” असं म्हणून पाठीवर थाप मारली. शेजारी आमचे हे उभे होते. ते हसले. पुढच्या सात-आठ वर्षांत यशराजची पुण्यातली नोकरी गेली, दोनदा गाडीवरून पडला, घरातल्या भांड्यांना पोचे आले, आणि शेवटी साताऱ्याच्या व्यसनमुक्ती केंद्रात मी त्याला दाखल केलं. त्या साऱ्या काळात नानासो एकदाही भेटायला आले नाहीत. फोन मात्र आला. “यशराजची आई, पोराला दम न्हाई. आमी इतकी वर्षं घेतोय, आमाला काय झालं?” विहिरीत ढकलणाऱ्यानं काठावर उभं राहून पोहण्याची स्पर्धा जिंकल्याचं सांगावं, तसं ते होतं.

केंद्रातून आल्यावर यशराज शेती बघू लागला. लोणंदला दर आठवड्याला व्यसन सोडलेल्यांची बैठक भरते, तिथं तो जायला लागला. तिथंच त्याला रमजानभाई भेटले. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत त्यांचा गादी कारखाना आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांनी दारू सोडली. बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि गोड दिसलं की त्यांची बुद्धी काम करत नाही. पहिल्यांदा घरी आले तेव्हा बोलता बोलता माझा सगळा शिरा संपवला. मला वाटलं, हा माणूस काय सांभाळणार माझ्या पोराला? पण यशराज त्यांच्याशी बोलायचा. घरात महिनोन्‌महिने गप्प बसणारा मुलगा त्या कापसाच्या धुरळ्यात तासभर बसून यायचा आणि येताना भूक घेऊन यायचा.

केंद्रातून येऊन जेमतेम चार महिने झाले होते, आणि नानासोंच्या मुलीचं, राणीचं लग्न ठरलं.

राणीला सख्खा भाऊ नाही. लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायला नवरीचा भाऊ लागतो. लहानपणापासून ती यशराजला सांगत आलेली, “दादा, असा पिळ की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे.” तो दारूत बुडाला होता तेव्हाही राणी त्याच्याशी बोलायची. भावकीत एवढं एकच माणूस. म्हणून जाऊ नये असं यशराजला वाटेना, आणि जावं असं मला वाटेना.

आम्ही तिघं साताऱ्याला केंद्रातल्या समुपदेशक बाईंकडं गेलो. तो, मी आणि रमजानभाई. बाई म्हणाल्या, “न जाणं हाही एक पर्याय आहे, तो शेवटपर्यंत हातात ठेवायचा. पण जायचं असेल तर लग्नाला जायचं नाही, लग्नातल्या ठरावीक भागाला जायचं.” मग एकेक ठरलं. आदल्या दिवशीच्या हळदीला जायचं नाही, तिथं संध्याकाळपासून तेच चालतं. लग्न गोरज मुहूर्तावर होतं. तर मुहूर्ताच्या थोडं आधी पोचायचं, अक्षता, कानपिळी, आणि निघायचं. घरून पोटभर जेवून जायचं, कारण रिकामं पोट आणि चिडलेलं डोकं दोन्ही दारूच्या बाजूनं बोलतात. हातात आपली पाण्याची बाटली ठेवायची. ती नजरेआड झाली तर पुन्हा तोंडाला लावायची नाही. मोटरसायकल बाहेर, रस्त्याकडं तोंड करून; चावी स्वतःच्या खिशात. कुणी आग्रह केला तर ‘मी घेत नाही’ एवढंच. कारण सांगितलं की समोरचा कारणाशी भांडतो. आणि रमजानभाई पूर्ण वेळ बरोबर.

उठून जायला एक शब्द हवा होता. कुणी विचारू नये, कुणी अडवू नये असा. तो रमजानभाईंनी काढला. “लाईट आली.”

आमच्याकडं शेतीच्या पंपाची वीज पाळीनं येते. एका आठवड्यात दिवसा, एका आठवड्यात रात्री. विजेचा निरोप आला की माणूस पंगतीतून उष्ट्या हातानं उठतो, कीर्तनातून उठतो, आणि कुणी विचारत नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, “चांगला आहे. पण नियम लक्षात ठेव यशराज. दोघांपैकी कुणाच्याही तोंडून शब्द निघाला की चर्चा नाही. चूक असो, बरोबर असो, पाय दाराकडं. बाकीचं बाहेर गेल्यावर.”

मग माझ्याकडं वळल्या. “आई, तुमचं काम सगळ्यात अवघड. तो ‘लाईट आली’ म्हणाला की तुम्ही ‘जा’ म्हणायचं. का, कशाला, काय झालं, काही नाही. तोंडाचा वास घ्यायचा नाही.”

मी हो म्हटलं. घरी आम्ही सराव केला. तो स्वयंपाकघरातून यायचा, “आई, लाईट आली, निघतो.” मी, “जा.” पहिल्या वेळी मी म्हणाले, “जा, पण पोचल्यावर फोन कर, आणि हळू चालव, आणि—” रमजानभाई म्हणाले, “ताई, एवढ्यात मोटर जळाली.”

नानासोंना आधीच सांगायचं ठरलं होतं. मी आणि हे गेलो. नानासो मांडववाल्यावर ओरडत होते.

“हळदीला येनार न्हाई? सख्ख्या पुतन्यानं हळद टाळायची?”

“लग्नाला येईल. कानपिळीला उभा राहील. बरोबर त्याचे मित्र असतील, रमजानभाई.”

“गादीवाला?”

“राणीच्या रुखवताच्या गाद्या तेच घेऊन येतायत. मग थांबतील.”

“आवं, पन बरोबर मानूस कशाला? पोरगं ल्हान हाय का आता? लोक हसतील.”

“भाऊजी, राणीबरोबर सासरी पाठराखीण कोण जाणार आहे?”

“तुमीच की. रीत हाय ती.”

“राणी लहान आहे का?”

नानासोंनी चष्मा काढून पुसला. उत्तर सुचत नसलं की ते चष्मा पुसतात. दूध संस्थेतही म्हणे फार पुसायचे. आमचे हे पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. नवीन घरात एकटं वाटू नये म्हणून मुलीबरोबर बाई दिली तर ती रीत, आणि जुन्या घरात जीव वाचावा म्हणून मुलाबरोबर माणूस दिला तर तो चेष्टेचा विषय. अशा रीतींना मी कोपरापासून नमस्कार करते.

निघताना नानासो गोड हसले. “बरं बरं. हळदीचा त्येचा वाटा मी बाजूला ठिवतो.” ते हसू मला रस्ताभर टोचत राहिलं.

लग्नाच्या दिवशी मी सकाळपासून नानासोंच्या घरी होते. खंडाळा-लोणंद रस्त्यावर त्यांचं शेत, घरापुढं मांडव, आणि मांडवाच्या मागं कांद्याची चाळ. लांबलचक, लाकडी फळ्यांची, फटींतून वारा खेळता राहावा अशी. चाळीत अर्ध्यात कांदा होता. उरलेल्या अर्ध्यात सतरंजी. मला काय ते समजलं.

मुहूर्ताच्या थोडं आधी ते दोघं आले. रमजानभाईंच्या टेम्पोतून गाद्या उतरल्या आणि टेम्पो माघारी गेला. यशराज मोटरसायकलवर. नानासो पुढं धावले. “आत लाव रं गाडी, मंडपात. चावी दे, कोनतरी नीट लावंल.”

“असू दे नाना. बरी आहे तिथंच.”

“कोल्ड्रिंक घे.”

“माझं पाणी आहे.”

“आरं, पाहुन्यांत पाण्याची बाटली घिऊन फिरतोस, हागणदारीला निगाल्यागत?” आजूबाजूचे हसले. नानासोंच्या विनोदांची पातळी साधारण याच ठिकाणी असते. यशराजही थोडा हसला, बाटली दुसऱ्या हातात घेतली, आणि पुढं गेला.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. सूर्य नुकताच मावळला होता. आणि त्याच क्षणाला आमच्या त्या पक्क्या बेतातली चूक वर आली. गोरज म्हणजे दिवेलागण, आणि दिवेलागण म्हणजे मगरिबची नमाज. एकच वेळ, दोन नावं. मी गोरज म्हणत राहिले, रमजानभाई मान हलवत राहिले, आणि दोन्ही वेळा एकच आहेत हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. अक्षता टाकून होताच ते यशराजला म्हणाले, “तू आईजवळ थांब, गाडीपाशी नमाज पढून आलोच.” आणि गेले.

यशराज माझ्याकडं यायला वळला. मी बायकांच्या घोळक्यात, हातात ओटीचं ताट. मध्ये नानासो आले.

“यशा, होमाचा पाट चाळीत राहिलाय. आन की पटकन. भटजी खोळंबल्यात.”

पाट आणायला कुणीही गेलं असतं. पण कानपिळी करणाऱ्या भावानं पाट आणायला नाही कसं म्हणायचं? मुलगा गेला. नानासो त्याच्या खांद्यावर हात टाकून बरोबर गेले. पाट आणायला दोन माणसं लागत नाहीत, हे मला दिसत होतं.

मी ताट घेऊन निघाले. मंगल वहिनींनी दंड धरला. “कुठं निघाला? विहीणबाईंची ओटी राहिलीय. मान आहे तो.”

“आले.”

“आधी ओटी. मग जावा.”

चाळीच्या फळ्यांतून पिवळा उजेड येत होता. आत माणसं उभी, बसलेली. यशराजचा निळा शर्ट दिसला. एका हातात पाट होता. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली नव्हती. ग्लास होता, स्टीलचा. नानासोंचा आवाज इथवर येत होता, “हळदीचा हाय रं. उतरवून टाकतो का बहिनीचा मान? एकच. एकानं काय हुतंय?”

मी विहीणबाईंच्या ओटीत नारळ टाकला आणि तो ओटीत न पडता त्यांच्या पायावर पडला.

तेवढ्यात सगळं काळंकुट्ट झालं. वीज गेली. डीजे मध्येच तुटला. माणसं ओरडली, मुलं रडली, कुणीतरी जनरेटर लावा म्हणून हाका मारल्या. जनरेटर नानासोंनी मागवला होता. डिझेल मागवायचं राहिलं होतं. मुलीच्या लग्नात उजेडाची सोय नाही, आणि चाळीत मात्र बर्फसुद्धा होता! मी अंधारात उभी. ताट कुणाच्या हातात दिलं आठवत नाही. चाळीच्या दिशेनं हात पुढं करून चालत होते आणि खांबाला धडकत होते. अंधारात तो ग्लास तोंडाला लागला तर कुणाला दिसणार होतं? त्याला स्वतःलाही दिसलं नसतं.

मग दिवे लागले. आणि सगळा मांडव, वऱ्हाडी, आचारी, पोरंटोरं, भटजीसुद्धा, एका आवाजात ओरडला, “लाईट आलीऽऽ!”

माझ्यापासून दहा-बारा पावलांवर चाळीच्या फळ्या होत्या. फटीतून मी पाहिलं. यशराजनं मान वर केली. ग्लासाकडं पाहिलं. तो कांद्याच्या ढिगावर ठेवला, ठेवताना कलंडला, आणि तो बाहेर आला. पाट काखेत तसाच. पाय दाराकडं, चर्चा नाही. मागून नानासो, “यशा! आरं, कुठं?”

तो माझ्यासमोर आला. चेहरा पांढरा. माझ्या हातात पाट दिला.

“आई, लाईट आली. निघतो.”

घेतली का? हा प्रश्न माझ्या दातांपर्यंत आला होता. तो इतका जवळ उभा होता की फक्त श्वास आत घ्यायचा होता. मी श्वास धरून ठेवला.

“जा,” म्हटलं.

तो गेला. रस्त्याकडून रमजानभाई हातातला रुमाल घडी करत पळत येत होते. ओरडा त्यांनीही ऐकला होता. दोघांचं एक अक्षर बोलणं झालं नाही. मोटरसायकलचा लाल दिवा लोणंदच्या दिशेनं गेला. तेव्हा मी श्वास सोडला.

नानासो चाळीतून आले ते सभेच्या आवाजात. “कानपिळी सोडून मोटार चालू करायला जातो? बहिनीच्या लग्नातनं? ही काय मान्साची जात झाली?”

“भाऊजी, साऱ्या मांडवानंच सांगितलं त्याला लाईट आली म्हणून. शेतकऱ्याचं पोर आहे, जाणारच.”

“मी एवढी सोय किली—”

“डिझेलची केली असती तर बरं झालं असतं.”

आणि तेव्हा एक गोष्ट झाली जी मी लग्नाच्या पंचवीस वर्षांहून अधिक काळात पाहिली नव्हती. आमचे हे म्हणाले, “दादा, पुरे.” एवढंच. लगेच पंगत बघायला गेले. पण नानासोंना चष्मा पुसावा लागला.

कानपिळीची वेळ आली. भाऊ नाही. नानासो म्हणाले, “मी हाय की! सोय करतो!” आणि भरल्या मांडवात, चाळीतला स्वतःचा आणि बहुतेक यशराजचाही वाटा पोटात घेऊन, नवरीच्या बापानं जावयाचा कान धरला. भावानं पिळायचा तो थट्टेत. यांनी उसाचं कांडं पिळावं तसा पिळला. जावई, धनाजीराव, मऊ स्वभावाचे, नळदुरुस्तीच्या सामानाचं दुकान चालवणारे, चक्क ओरडले. व्याह्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. राणीनं मान खाली घातली. रडत होती की आणखी काय, मला कळलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांचे मान सांभाळायला निघालेल्या माणसानं स्वतःच्या मुलीचा मान असा सांभाळला.

पाठवणीच्या गाडीत मी राणीच्या शेजारी बसले, पाठराखीण म्हणून. पुढं ड्रायव्हर, बाजूला धनाजीराव, उजवा कान लालभडक. राणी माझ्या कानात म्हणाली, “काकू, दादानं घेतली?”

“माहीत नाही. विचारलं नाही.”

ती पुढं वाकून ड्रायव्हरला म्हणाली, “गाडी लोणंदवरनंच जाती ना?”

बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत एकाच दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत कापसाच्या गठ्ठ्यावर यशराज बसला होता, हातात चहाचा ग्लास, आणि रमजानभाई बोलत होते, अर्थातच. राणी शालू सावरत उतरली तशी दोघं उभे राहिले.

यशराजनं आधी माझ्याकडं पाहिलं. मी विचारलं नव्हतं, तरी त्यानं सांगितलं. “नाही घेतली. पण आई, ग्लास धरताना हात थरथरत नव्हता. तेच वाईट वाटलं. रमजानभाईंना सगळं सांगून झालंय. उद्या बैठकीत सांगणार.”

“माझीच चूक,” रमजानभाई म्हणाले. “नमाजची वेळ मला म्हायती नसंल तर कुणाला असंल? पुढच्या टायमाला दोन मान्सं नेऊ. आणि ताई, शब्द बदलावा लागंल. ह्यो साऱ्या गावाला पाठ झाला.”

“काय ठेवायचा?”

“ते नंतर. पेढे हायत का गाडीत?”

राणीनं नवऱ्याला हाताला धरून दुकानाच्या उजेडात आणलं. “दादा, पिळ.”

यशराज पुढं झाला. दोन बोटांनी उजवा कान धरायला गेला, तसे धनाजीराव एक पाऊल मागं सरले.

“मेव्हणे, डावा धरा,” ते म्हणाले. “उजव्याची सासऱ्यांनी सोय केलीय.”